बचत चॅलेंजचा मेसेज: नियम स्पष्ट, बाहेर पडणं सोपं

प्रश्न: ताई, मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला राहते. आमच्या गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर दर महिन्याला बचत चॅलेंजचा मेसेज टाकते. पहिल्या महिन्यात खूप उत्साह होता. आता बऱ्याच जणी गप्प असतात, काही तर ग्रुपच सोडून गेल्या. एकीने सांगितलं, "तुझा मेसेज आला की धडधडतं." मला कुणावर दडपण आणायचं नाही. जूनसाठी लिहिलेला मेसेज खाली देते, तो कसा बदलू?

*"मैत्रिणींनो, जून बचत चॅलेंज! १ तारखेला १० रु., २ तारखेला २० रु., असं वाढवत ३० तारखेला ३०० रु. महिन्यात ४,६५० रु. जमा! रोज रात्री ९ पर्यंत डब्याचा फोटो आणि रक्कम ग्रुपवर टाकणे बंधनकारक. न टाकणाऱ्यांची नावे सकाळी जाहीर होतील. मध्येच सोडायचे असल्यास कारण सांगावे. सगळ्यांनी भाग घ्यायचाच! सर्वात जास्त बचत करणारीला बक्षीस."*

उत्तर:

ताई, हा मेसेज वाचल्यावर मला बचत गटाची बैठक आठवली. भाषा तिथूनच आली आहे. बचत गटाची पंचसूत्री आपल्या सगळ्यांच्या अंगात भिनलेली आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित हिशेब. गटात हा काटेकोरपणा लागतोच. तिथे पैसा सगळ्यांचा असतो. एकीने हप्ता चुकवला की दुसरीला मिळायचं कर्ज अडतं, आणि बँकही गटाची वही बघूनच पुढचं कर्ज देते. म्हणून हप्ता चुकला की दंड होतो, गैरहजेरीची नोंद होते आणि कारण विचारलं जातं. गटाच्या कामात मी बरीच वर्षं आहे आणि तिथला दंड मला कधी चुकीचा वाटला नाही.

तुमच्या चॅलेंजमध्ये मात्र प्रत्येकीचे पैसे तिच्याच डब्यात किंवा तिच्याच खात्यात राहतात. तिने आज दहा रुपये टाकले नाहीत तर शेजारणीचं काही बिघडत नाही. तेव्हा मेसेजमधली एकेक ओळ घ्या आणि विचारा: ही गोष्ट झाली नाही तर दुसऱ्या कुणाचं काही अडतं का? अडत नसेल, तर ती ओळ सक्तीची असू शकत नाही. या एका प्रश्नाने तुमचा अर्धा मेसेज गळून पडेल. जे उरेल ते मात्र ठामपणे आणि स्वच्छ लिहायचं. काहीजण दडपण नको म्हणून "जमेल तसं करा, काही नियम नाहीत" असं लिहितात, पण त्यानेही बायका अवघडतात. नक्की काय करायचं ते कळत नाही, विचारायला लाज वाटते, आणि विचारलं की आपण कच्च्या आहोत हे सगळ्यांना दिसतं. नियम स्पष्ट असले की विचारण्याची वेळच येत नाही.

आधी रकमेचं बघू, कारण धडधडण्याची सुरुवात तिथे होते. रोज दहा रुपये वाढवत जायची रीत सोपी वाटते. १ पासून ३० पर्यंतची बेरीज ४६५, त्याच्या दहापट ४,६५०, इथपर्यंत ठीक. पण ते पैसे महिन्यात कसे पडतात ते मांडून बघा. पहिल्या दहा दिवसांत जेमतेम ५५० रुपये जातात आणि शेवटच्या दहा दिवसांत २,५५०. म्हणजे अर्ध्याहून जास्त बचत महिन्याच्या अखेरीला, हातातले पैसे संपत आलेले असताना करायची. त्यात तुम्ही जून निवडलाय. जूनच्या मध्याला शाळा उघडते, वह्या, दप्तर, रिक्षाचे पैसे हे सगळं एकाच वेळी येतं. २१ तारखेपासून रोज दोनशेच्या वर बाजूला काढायचे, आणि रात्री नऊच्या आत ते चारचौघींना दाखवायचे. यात मागे पडणाऱ्या बाईची शिस्त कमी नसते. ती रीत तिच्या पगाराच्या उलट्या दिशेने चालते.

तुमच्या भागात पैसे कसे येतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कारखान्यात जाणाऱ्या घरांत बऱ्याच ठिकाणी आठवड्याचा पगार असतो. विडी वळणाऱ्या बाईला हजारी दराने पैसे मिळतात, जितक्या विड्या तितके, आणि पानं खराब आली की तो आठवडा हलका जातो. गणवेश शिवणाऱ्यांना शाळा उघडायच्या आधी काम भरपूर असतं, नंतर ते उतरतं. या सगळ्यांना एकच आकडा देऊ नका. आकडा प्रत्येकीने स्वतः ठरवायचा, कुणाला सांगायचा नाही, आणि तो रोजचा न ठेवता आठवड्याचा ठेवायचा. दिवस सगळ्यांचा एक, रविवार. या जूनमध्ये ७, १४, २१ आणि २८ असे चार रविवार आहेत. तुमच्या चॅलेंजला एवढंच वेळापत्रक पुरे.

आता फोटो. फोटो आणि रक्कम मागण्यामागे तुमचा हेतू उत्साह वाढवण्याचा आहे, हे मला दिसतं. पण गल्लीचा ग्रुप म्हणजे कोण कोण, याची मनातल्या मनात यादी करून बघा. त्यात तिची जाऊ असेल, नणंद असेल, तिच्याकडून उसने मागणारी शेजारीण असेल. मायक्रोफायनान्सच्या गटात तिच्यासोबत जामीन असलेली बाईही असेल. तिच्या डब्यात दोन हजार आहेत हे या सगळ्यांना कळलं, की ते पैसे तिचे राहत नाहीत. मागितल्यावर नाही म्हणणं तिला जड जातं, कारण पैसे नाहीत असं आता सांगता येत नाही. शिवाय फोटोत डबा दिसतो, मागचं फडताळ दिसतं, डबा कुठे ठेवलाय तेही कळतं. काही घरांत बाईची बचत घरातल्यांना माहीत नसते, आणि ती माहीत नसण्यामागे दारू किंवा मारहाण असू शकते. तिला तुम्ही फोटो टाकायला लावता, तेव्हा तिच्यासमोर दोनच रस्ते उरतात: बचत उघडी करायची किंवा चॅलेंजमध्ये नापास दिसायचं.

फोन कुणाच्या हातात असतो, हेही लक्षात ठेवा. अनेक घरांत फोन एकच, आणि तो दिवसभर नवऱ्याकडे किंवा मुलाकडे. म्हणून तिच्या खासगी नंबरवरसुद्धा "या आठवड्यात किती टाकले?" असा मेसेज स्वतःहून पाठवू नका. तिला सोयीचं असेल तेव्हा तीच लिहील, आणि त्यातही रक्कम लिहायची गरज नाही. किती रविवार जमलं तेवढा एक आकडा पुरतो. "२" असं आलं, तर तुम्हाला कळलं दोन रविवार झाले. दुसऱ्या कुणी वाचलं तरी त्याला त्यातून काही समजत नाही.

इथे बरेच जण सोपा उपाय म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाकतात: "बचत झाली का? हो / नाही." तो करू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये कुणी काय निवडलं ते ग्रुपमधल्या सगळ्यांना नावासकट दिसतं. ज्यांनी बोट लावलं नाही त्यांची नावं उरलेल्या यादीवरून आपोआप कळतात. तुम्ही नावं जाहीर करायची थांबवलीत तरी पोल ते काम करतच राहील.

त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. तिच्यात तुमचा मेसेज प्रत्येकीला वेगळा जातो, लिस्टमध्ये आणखी कोण आहे ते कुणालाच दिसत नाही, आणि उत्तर आलं तर फक्त तुम्हाला येतं. एक अट आहे: जिच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे तिलाच ब्रॉडकास्ट पोचतो. म्हणून सहभागी होताना नंबर सेव्ह करायला सांगावं लागतं. या अटीचा एक फायदाही आहे. जिने नंबर सेव्ह करून तुम्हाला "जून" असं लिहून पाठवलं, ती स्वतःच्या मनाने आली आहे. "सगळ्यांनी भाग घ्यायचाच" या ओळीच्या जागी हे आलं, की न आलेल्यांची यादी कुठेच तयार होत नाही.

गल्लीच्या ग्रुपवर चॅलेंज चालवण्यात आणखी एक अडचण आहे, आणि तुमच्या बायका गेल्या त्या मुळात तिच्यामुळे, असं मला वाटतं. तुमच्या ग्रुपवर पाणी कधी येणार ते कळत असेल. सोलापुरात काही-काही दिवसांनी येणाऱ्या पाण्याची खबर म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको. चॅलेंजमधून बाहेर पडण्यासाठी ज्या बाईला पाण्याचा ग्रुप सोडावा लागतो, ती अगदी असह्य होईपर्यंत थांबते आणि मग निघून जाते. निघाल्यावरही लपत नाही. ग्रुप सोडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते हे खरं, पण ग्रुपच्या माहितीत आधीच्या सदस्यांची यादी साठ दिवस सगळ्यांना बघता येते. तेव्हा गल्लीच्या ग्रुपवर महिन्यातून फक्त एक आमंत्रण टाका. बाकी सगळं ब्रॉडकास्टवर.

थांबण्याची रीत ठरवताना तीन गोष्टी लेखी असाव्यात: काय पाठवायचं, तुम्ही काय उत्तर देणार, आणि पुढे काय होणार. "थांबते" हा एक शब्द पुरे. तुमचं उत्तर ठरलेलं, "बरं ताई, नाव काढलं." त्यापुढे काही नाही. "अगं का गं?" नाही, "फक्त दोनच आठवडे राहिलेत" नाही, "तू असतीस तर बरं झालं असतं" हेही नाही. तिसरं वाक्य सगळ्यात मायेचं आहे आणि सगळ्यात जास्त तेच टोचतं, कारण त्याला उत्तर द्यावंच लागतं. कारण विचारायचं नाही, हे मेसेजमध्ये आधीच लिहा. नाहीतर बाई कारण शोधत बसते, आणि खरं सांगण्यासारखं नसलं की खोटं रचते.

न बोलता थांबणाऱ्यांचं काय, हाही नियम हवा. गप्प राहण्याचा अर्थ तुम्ही लावू नका आणि तिलाही लावू देऊ नका. चॅलेंज ३० तारखेला आपोआप संपतं, पुढच्या महिन्यात जिने पुन्हा कळवलं तीच लिस्टवर, एवढं लिहिलं की गप्प राहणारीला काहीच करावं लागत नाही. एखादी न विचारता पुढच्या महिन्यात ओढली गेली, तर तिला बाहेर पडण्यासाठी बोलावं लागतं. आत येण्यासाठी बोलावं लागणं त्यापेक्षा बरं.

आता नवा मेसेज. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज लांबला की खालचा भाग झाकला जातो, बोट लावल्यावरच उघडतो, आणि पुष्कळ जणी उघडत नाहीत. म्हणून पैसे स्वतःकडेच राहतात, हे मनावर आहे आणि कधीही थांबता येतं, या तीन गोष्टी पहिल्या चार ओळींतच आल्या पाहिजेत. बहुतेक लोक त्या तळाला लिहितात.

*"जून महिन्याची बचत. यायचं की नाही, तुमच्या मनावर. कधीही थांबता येतं, कारण विचारलं जाणार नाही. पैसे तुमचे, तुमच्याकडेच राहतात. मी कुणाकडून पैसे घेत नाही.*

*काय करायचं: ७, १४, २१, २८ जून या चार रविवारी तुम्ही ठरवलेली रक्कम बाजूला ठेवायची. २० रुपयेही चालतात. रक्कम कुणालाही सांगायची नाही, मलाही नाही. डबा, बँक, पोस्ट, कुठेही ठेवा. घरखर्च, भाडं, औषध, गटाचा आणि कर्जाचा हप्ता आधी. एखादा रविवार राहिला तर राहिला, पुढच्या वेळी दुप्पट भरायची गरज नाही. गरज पडली तर ठेवलेले पैसे वापरा, ते त्यासाठीच आहेत.*

*कळवायचं का: इच्छा असेल तर. २८ तारखेनंतर किती रविवार जमलं तेवढा आकडा मला एकटीला पाठवा. नाही कळवलं तरी चालेल, मी विचारणार नाही. कुणाचंही नाव किंवा आकडा मी पुढे सांगत नाही.*

*यायचं असेल तर: माझा नंबर सेव्ह करा आणि मला 'जून' असं पाठवा. दर शनिवारी संध्याकाळी एक आठवण येईल, बाकी काही नाही. थांबायचं असेल तर 'थांबते' असं पाठवा, आठवण बंद होईल. ३० जूनला यादी पुसली जाईल. जुलैसाठी पुन्हा कळवणाऱ्यांनाच मेसेज येईल.*

*या मेसेजसोबत लिंक किंवा क्यूआर कोड नाही. असा काही आला तर तो माझा नाही, पैसे पाठवू नका."*

शेवटची ओळ तुम्हाला अनावश्यक वाटेल. असे मेसेज पुढे पुढे पाठवले जातात आणि त्यांना कुणीही पैसे भरायचा कोड जोडू शकतं. "पैसे घेत नाही" ही ओळ दुसऱ्या कारणानेही महत्त्वाची आहे. उद्या कुणी म्हणेल, "ताई, माझ्याकडे खर्च होतात, तुमच्याकडेच ठेवा." नको. त्या क्षणी तुम्ही लोकांच्या ठेवी सांभाळू लागता. भिशीसारख्या व्यवहारांना १९८२ चा चिट फंड कायदा आहे, आणि परवानगीशिवाय ठेवी गोळा करण्यावर २०१९ पासून बंदीचा कायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या दिवशी पैसे तुमच्याकडे येतात त्या दिवशी वर सांगितलेला प्रश्नही फिरतो. मग एकीच्या न भरण्याने दुसरीचं अडायला लागतं, आणि दंड, हजेरी, कारण सगळं परत येतं.

"कर्जाचा हप्ता आधी" ही ओळही काढू नका. थकलेल्या हप्त्यावर दंड चढत असताना डब्यात पैसे साठवणं तोट्याचं असतं, आणि चॅलेंजमध्ये दिसावं म्हणून बायका असं करतात. ज्या पोस्टात आवर्ती ठेव काढतील त्यांना एवढं सांगा की ती दरमहा १०० रुपयांपासून सुरू होते, पण पाच वर्षांची असते आणि चुकलेल्या महिन्याला शंभरामागे एक रुपया शुल्क लागतं. एका महिन्याच्या चॅलेंजसाठी ती उघडू नये. उघडायची असेल तर वेगळा विचार करून.

हा मेसेज प्रत्यक्षात कसा चालतो ते एका उदाहरणाने बघू. समजा टॉवेलच्या शिलाईवर असलेल्या एका ताईंनी मनाशी आठवड्याला शंभर रुपये ठरवले. ७ तारखेला शंभर ठेवले. १४ ला शाळेच्या वह्या आल्या, काहीच जमलं नाही. २१ ला काम बरं होतं, दीडशे ठेवले. २८ च्या आधी मुलाला ताप आला, डब्यातले दोनशे डॉक्टरांना आणि औषधाला गेले, त्या रविवारी नवीन काही ठेवलं नाही. महिनाअखेरीला डब्यात पन्नास. जुन्या मेसेजप्रमाणे त्यांचं नाव जवळजवळ रोज सकाळच्या यादीत आलं असतं. नव्या रीतीत त्या तुम्हाला "२" पाठवतील किंवा काहीच पाठवणार नाहीत. मुलाच्या औषधासाठी त्यांना कुणापुढे हात पसरावा लागला नाही, ही त्या महिन्याची खरी कमाई. "गरज पडली तर वापरा" ही ओळ मेसेजमध्ये नसती, तर पैसे काढले म्हणजे आपण हरलो असं त्यांना वाटलं असतं. त्यांनी बहुधा डब्याला हात न लावता दोनशे उसने घेतले असते.

बक्षीस पूर्ण काढा. सर्वात जास्त रकमेला बक्षीस म्हणजे जिच्या घरात दोन पगार येतात तिला बक्षीस. ते कुणाला मिळणार हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना माहीत असतं. सर्वात नियमित असणारीला द्यावं म्हटलं, तर नियमितपणा तपासावा लागतो, आणि तपासायचं म्हटलं की फोटो परत आले.

सगळ्यांचं मिळून काही सांगायचं असेल तर सांगा, पण जपून. "चाळीसपैकी एकतीस जणींनी पूर्ण केलं" असं लिहिलंत की वाचणाऱ्या उरलेल्या नऊ कोण ते मोजायला लागतात, आणि एका गल्लीत ते फार अवघड नसतं. "पैकी" हा शब्दच टाळा. "जूनमध्ये बऱ्याच जणींनी कळवलं, आभार" एवढं पुरे. कळवणाऱ्या चार-पाचच असतील तर आकडा अजिबात देऊ नका.

दडपण कमी झालंय की नाही, हे बायकांना थेट विचारून कळणार नाही. विचारलं तर सगळ्या "नाही नाही, छान चाललंय" म्हणतील. खुणा दुसरीकडे असतात. जुन्या पद्धतीत तुमच्या ग्रुपवर पाहा: फोटो नऊला पाच कमी असताना भराभर येतात का? टाकलेले मेसेज पुसले जातात का? दोन वेगवेगळ्या डब्यांत एकच फाटक्या कोपऱ्याची नोट दिसते का? दिसली, तर ती फोटोपुरती शेजारणीकडून आणलेली आहे, आणि त्या बाईला जाब विचारायचा नाही, फोटो बंद करायचा. नव्या पद्धतीत खूण वेगळी असते. कुणी "थांबते" असं लिहून खाली मोठं कारण लिहीत असेल, तर कारण लागत नाही यावर अजून विश्वास बसलेला नाही. तुम्ही ठरलेलं उत्तरच द्या. दोन-तीन महिने तसंच उत्तर येत गेलं की कारणं आपोआप आखूड होतात. आणि थांबलेली एखादी बाई पुढे कधी स्वतःहून "सप्टेंबर" असं लिहून परत आली, तर बाहेर पडणं तिला महाग पडलं नव्हतं असं समजा. मी तरी सगळ्यात जास्त याच खुणेवर भरवसा ठेवते.

शनिवारच्या आठवणीचा मजकूरही एकदाच ठरवून टाका: "उद्या रविवार. जमलं तर ठेवा." त्यात बदल करू नका, उद्गारचिन्हं वाढवू नका. "कसलीच सक्ती नाही हं" असं दर आठवड्याला लिहिलं की सक्तीचीच आठवण होते. आणि मेसेज कुणी वाचला, कुणी नाही, हे बघायला जाऊ नका. ते बघितलं की आपण ज्यांनी वाचून उत्तर दिलं नाही त्यांच्याबद्दल मनात काहीतरी धरून बसतो, आणि पाण्याच्या नळावर भेटल्यावर ते चेहऱ्यावर दिसतं.

तुमच्या गल्लीत पूर्व भागातल्यासारखी तेलुगू बोलणारी घरं असतील, कन्नड आणि उर्दूचीही असतील, आणि मराठी नीट वाचता न येणाऱ्या मराठी बायकाही असतील. त्यांच्यासाठी वरचा मेसेज मिनिटभराच्या आवाजी निरोपात सांगा. तेलुगूत सांगणारी कुणी मैत्रीण असेल तर तिच्याकडून वेगळा करून घ्या. मात्र आवाजात आपण नकळत गोडी लावून आग्रह करतो. म्हणून लिहिलेलंच वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही. "मैत्रिणींनो, यायचंच हं" तिथेच घुसतं.

राहिल्या त्या ग्रुप सोडून गेलेल्या. त्यांना परस्पर पुन्हा ग्रुपमध्ये घेऊ नका आणि का गेलात तेही विचारू नका. पण त्यांचं पाण्याचं अडतंय, तेव्हा एकदाच, एकेकीला वेगळा निरोप द्या: "ताई, गल्लीच्या ग्रुपवर आता बचतीचे मेसेज येत नाहीत, फक्त पाणी आणि गल्लीच्या कामाचे येतात. परत यायचं असेल तर सांगा, घेते. उत्तर दिलं नाही तरी चालेल." ज्यांचा फोन घरात दुसऱ्याच्या हातात असतो, त्यांना हे तोंडी सांगा, त्या एकट्या असताना. आणि हा निरोप जूनचं आमंत्रण टाकायच्या निदान आठवडाभर आधी जाऊ द्या, म्हणजे दोन्हींचा संबंध कुणी जोडणार नाही.